सौदा बुधवारी, पैसे पुढच्या मंगळवारी

२०२१ साली ३१ मार्च बुधवारी आला होता. त्या दिवशी ज्यांनी मुंबईच्या शेअर बाजारात शेअर विकले, त्यांच्या सौद्याचे पैसे मंगळवारी, ६ एप्रिलला मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी १ एप्रिलला ज्यांनी विकले, त्यांचेही पैसे त्याच ६ एप्रिलला. आणि ३० मार्चला, मंगळवारी विकणाऱ्यांना सोमवारी ५ एप्रिलला. नियम तिघांनाही एकच लागू होता: सौद्याच्या दिवसानंतर कामकाजाचे दोन दिवस. बाजाराच्या भाषेत टी प्लस टू.

नियम इतका सोपा आहे की तो समजावून सांगावा लागेल असं वाटत नाही. तरीही या आठवड्यासारखा आठवडा आला की ब्रोकरच्या कचेरीत फोन वाजू लागतात. “शुक्रवारी पैसे यायला हवे होते, कुठे अडकले?” कुठेच अडकलेले नसतात. मोजणाराने एका कॅलेंडरवर मोजलेलं असतं आणि सौदा दुसऱ्याच कॅलेंडरवर चाललेला असतो.

आपल्याकडे टी प्लस टू पद्धत १ एप्रिल २००३ पासून लागू झाली. त्याआधी वर्षभर टी प्लस थ्री होती, त्याआधी काही महिने टी प्लस फाइव्ह आणि त्याहीआधी आठवडाभराचे सगळे सौदे एकत्र करून मग हिशेब मिटवण्याची जुनी रीत. पुढे २५ फेब्रुवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने एक दिवस कमी होत गेला आणि २७ जानेवारी २०२३ ला सगळेच शेअर टी प्लस वनवर आले. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं या देशातला गुंतवणूकदार दोन दिवस मोजत होता. युरोपात तर आजही तेच चालतं.

हे दोन दिवस लागत कशासाठी? पडद्यावर सौदा जुळला की भाव आणि नग ठरतात. पण त्या क्षणी ना शेअर हलतात ना पैसा. संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर दिवसभराचे सगळे सौदे क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातात. ही संस्था प्रत्येक सौद्यात मध्ये उभी राहते: विकणाऱ्यासाठी ती खरेदीदार होते आणि घेणाऱ्यासाठी विक्रेता. दुसऱ्या दिवशी म्युच्युअल फंड, विमा कंपन्या अशा मोठ्या संस्थांचे कस्टोडियन आपापले सौदे मान्य करतात आणि प्रत्येक ब्रोकरचं देणं-घेणं वजावट करून काढलं जातं. एखाद्या ब्रोकरच्या ग्राहकांनी एका कंपनीचे दहा हजार शेअर घेतले आणि आठ हजार विकले असतील, तर त्या ब्रोकरला कॉर्पोरेशनकडून फक्त दोन हजार शेअर यायचे असतात. तिसऱ्या दिवशी सकाळी ज्यांचं देणं आहे ते शेअर आणि पैसे जमा करतात. याला पे-इन म्हणतात. दुपारी ज्यांचं घेणं आहे त्यांना ते वाटले जातात, तो पे-आउट. शेअरची हालचाल डिपॉझिटरीमधून होते आणि पैशाची क्लिअरिंग बँकांमधून.

सगळी गाठ या शेवटच्या शब्दात आहे. शेअर विकायला बँक उघडी असावी लागत नाही. संगणक चालू आहेत आणि ग्राहकाचं मार्जिन जमा आहे, एवढं सौद्याला पुरतं. हिशेब मिटवायला मात्र बँक लागते. म्हणून शेअर बाजाराच्या सुट्ट्यांच्या याद्या दोन असतात. पहिलीत सौदेच बंद असणारे दिवस असतात: प्रजासत्ताक दिन, गुड फ्रायडे, गणेश चतुर्थी वगैरे. दुसरीत या दिवसांशिवाय आणखी काही दिवस असतात, ज्या दिवशी बाजार नेहमीसारखा चालतो पण हिशेब मिटत नाहीत. दुसऱ्या यादीतल्या जादा दिवसांना सेटलमेंट हॉलिडे किंवा क्लिअरिंग हॉलिडे म्हणतात, आणि ती यादी महाराष्ट्रातल्या बँकांच्या सुट्ट्यांवर बेतलेली असते, कारण दोन्ही मोठे बाजार आणि त्यांच्या क्लिअरिंग कॉर्पोरेशन मुंबईत आहेत. १९ फेब्रुवारीची शिवजयंती हे सगळ्यांत ठळक उदाहरण. राज्य सरकार १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टखाली ती सुट्टी जाहीर करतं, राज्यातल्या बँका बंद राहतात, पण दलाल स्ट्रीटवर सौदे होतात. गुवाहाटीत बसून शेअर विकणाऱ्याला त्या दिवशी सुट्टी असल्याचा पत्ताही नसतो, आणि त्याचे पैसे मात्र मुंबईच्या बँकेच्या सुट्टीमुळे एक दिवस पुढे जातात.

१ एप्रिल हा असाच दिवस. तो कुठला सण नाही. बँका वर्षाचे हिशेब बंद करण्यात गुंतलेल्या असतात. बाजार उघडा, हिशेब बंद.

म्हणून नियम नीट सांगायचा तर असा सांगावा लागतो: टी हा दिवस सौद्यांच्या कॅलेंडरवर धरायचा आणि पुढचे दोन दिवस सेटलमेंटच्या कॅलेंडरवर मोजायचे. सौद्याचा दिवस स्वतः सेटलमेंट हॉलिडे असला तरी तो टी असतोच. पण टीच्या पुढे मोजताना असा दिवस सोडून द्यायचा, जसा शनिवार-रविवार सोडतो.

आता तो आठवडा बोटांवर मोजू. शुक्रवार २६ मार्चला सौदे झाले. शनिवार-रविवार गेले. सोमवारी २९ ला धुळवड, बाजार बंद. मंगळवार ३० मार्च हा शुक्रवारच्या सौद्यांचा पहिला दिवस आणि बुधवार ३१ मार्च दुसरा. ते सौदे आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी मिटले. मंगळवारी ३० ला जे सौदे झाले त्यांचा पहिला दिवस बुधवार ३१. गुरुवार १ एप्रिल सेटलमेंटला बंद, शुक्रवार २ एप्रिल गुड फ्रायडे, मग शनिवार-रविवार. दुसरा दिवस सापडतो तो थेट सोमवारी ५ एप्रिलला. बुधवारी ३१ मार्चला झालेल्या सौद्यांना पहिला दिवसच सोमवारी ५ एप्रिलला मिळतो आणि दुसरा मंगळवारी ६ ला. गुरुवारी १ एप्रिलच्या सौद्यांनाही पहिला दिवस सोमवार, दुसरा मंगळवार. बुधवार आणि गुरुवार असे दोन वेगळ्या दिवसांचे सौदे एकाच मंगळवारी येऊन पोहोचतात. सेटलमेंट हॉलिडे असला की हे दर वेळी होतं: त्या दिवसाचे आणि त्याच्या आदल्या दिवसाचे सौदे एकाच तारखेला मिटतात.

दिवाळीतही हेच घडतं, फक्त तिथे ते लक्षात येत नाही. २०२१ मध्ये लक्ष्मीपूजन गुरुवारी ४ नोव्हेंबरला होतं. दिवसा बाजार बंद, संध्याकाळी तासभर मुहूर्ताचे सौदे. शुक्रवारी पाडवा, पुढे शनिवार-रविवार. मुहूर्ताला हौसेने घेतलेल्या दहा शेअरांचा टी होता ४ नोव्हेंबर, पण ते डीमॅट खात्यात यायचे ९ तारखेला, मंगळवारी. आदल्या दिवशी बुधवारी घेतलेले शेअरही त्याच मंगळवारी.

दोन दिवसांचे सौदे एका तारखेला मिटले तर बिघडतं काय? नुसते घेऊन ठेवणाऱ्याचं काहीच नाही. बिघडतं ते आज घेऊन उद्या विकणाऱ्याचं. बाजारात याला बीटीएसटी म्हणतात. टी प्लस टूच्या काळात लाखो लोक हे करत, आणि नेहमीच्या आठवड्यात ते जमून जाई. सोमवारी घेतलेले शेअर बुधवारी दुपारी पे-आउटमध्ये हाती येत. मंगळवारी तेच विकले असतील तर ते द्यायचे असत गुरुवारी सकाळी पे-इनमध्ये. मध्ये एक रात्र असे. शेअर आले आणि गेले.

आता ही रात्र काढून घ्या. समजा एकाने ३१ मार्चला एका कंपनीचे १०० शेअर ५०० रुपयांनी घेतले आणि १ एप्रिलला ५०५ ने विकले. पाचशे रुपये सुटले असं त्याला वाटतं. पण दोन्ही सौद्यांची तारीख ६ एप्रिल. विकलेले शेअर ६ तारखेला सकाळी द्यायचे आहेत आणि घेतलेले शेअर ६ तारखेला दुपारी यायचे आहेत. दोन्ही सौदे एकाच माणसाचे आणि एकाच शेअरचे असले तरी त्यांचे सेटलमेंट नंबर वेगळे, त्यामुळे त्यांची एकमेकांत वजावट होत नाही. सकाळी त्याच्या खात्यात द्यायला काहीच नाही. याला शॉर्ट डिलिव्हरी म्हणतात. मग क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेणाऱ्यासाठी ते शेअर लिलावात, म्हणजे ऑक्शनमध्ये विकत घेते आणि फरक विकणाऱ्याच्या माथी मारते. लिलावात भाव ५३० मिळाला तर त्याला शेअरमागे २५ रुपये, म्हणजे अडीच हजार भरावे लागतात. लिलावात शेअर मिळालेच नाहीत तर क्लोज-आउट होतो. त्याचा भाव ठरवण्याची रीत कडक आहे: सौद्याच्या दिवसापासून लिलावाच्या दिवसापर्यंतचा सर्वांत चढा भाव, किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर २० टक्के, यांतला जो जास्त असेल तो. त्या दिवशी शेअर ५१० ला बंद झाला असेल तर २० टक्के धरून ६१२. त्याने विकले होते ५०५ ला. शेअरमागे १०७ रुपये, शंभर शेअरांचे १०,७००. पाचशे रुपयांच्या नफ्यासाठी. दुपारी त्याने घेतलेले १०० शेअर खात्यात येतात, ते मात्र त्याच्याकडेच राहतात.

म्हणून बरेच ब्रोकर सेटलमेंट हॉलिडेच्या दिवशी आदल्या दिवशी घेतलेले शेअर विकूच देत नाहीत. ग्राहकाला वाटतं अ‍ॅप बिघडलं. अशा वेळी ओळखायची खूण साधी आहे: बाजार चालू आहे, बाकीचे जुने शेअर विकता येतायत आणि फक्त कालचे अडलेत, तर आज सेटलमेंट हॉलिडे आहे. मला मनापासून वाटतं की ऑर्डर देताना पडद्यावर भावाशेजारीच सेटलमेंटची तारीख दिसायला हवी. ती तारीख यंत्रणेला ठाऊक असते आणि ब्रोकरच्या बॅक ऑफिसला ठाऊक असते. चोवीस तासांत येणाऱ्या कॉन्ट्रॅक्ट नोटवर ती सौद्याच्या तारखेसोबत छापलेलीही असते. सौदा झाल्यावर सांगितलेली तारीख सौदा करणाऱ्याच्या उपयोगाची नाही.

लाभांशाच्या बाबतीत फसगत आणखी नकळत होते. कंपनी रेकॉर्ड डेट जाहीर करते: त्या दिवशी ज्याच्या खात्यात शेअर असतील त्याला लाभांश. समजा ती तारीख सोमवार ५ एप्रिल २०२१ होती. बुधवारी ३१ मार्चला कुणी शेअर घेतले. मध्ये पाच दिवस आहेत, टी प्लस टूला भरपूर झाले, असं त्याला वाटणार. पण त्याचे शेअर येणार ६ तारखेला, रेकॉर्ड डेट उलटल्यावर. लाभांश विकणाऱ्याकडे गेला. ५ तारखेला शेअर हाती हवे असतील तर शेवटची संधी मंगळवार ३० मार्चची होती, आणि म्हणून बाजार त्या शेअरची एक्स-डेट ३१ मार्च धरणार. नेहमीच्या आठवड्यात टी प्लस टूमध्ये एक्स-डेट रेकॉर्ड डेटच्या एक दिवस आधी येई. इथे ती पाच दिवस आधी आली. त्यामुळे लाभांशासाठी शेअर घेणाऱ्याने रेकॉर्ड डेटवरून उलटं मोजत बसू नये. बाजाराने जाहीर केलेली एक्स-डेट पाहावी आणि तिच्या आदल्या सौद्याच्या दिवसापर्यंत घ्यावं. ती तारीख काढताना बाजाराने दोन्ही कॅलेंडरं आधीच जमेस धरलेली असतात.

प्राप्तिकराचं मात्र उलट आहे, आणि तिथे उगीच घाबरणारे बरेच. मार्चअखेरीला तोटा दाखवण्यासाठी किंवा सवलतीच्या मर्यादेत नफा घेण्यासाठी शेअर विकणाऱ्याला शंका येते की पैसे ६ एप्रिलला आले, म्हणजे विक्री पुढच्या वर्षात गेली का? नाही गेली. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २८ एप्रिल १९९५ चं ७०४ क्रमांकाचं परिपत्रक आहे. शेअर बाजारातल्या सौद्यात ब्रोकरच्या नोटवरची सौद्याची तारीख हीच हस्तांतराची तारीख, फक्त पुढे शेअरची खरोखर डिलिव्हरी झाली पाहिजे. म्हणजे ३१ मार्चला विकणाऱ्याची विक्री २०२०-२१ मध्ये आणि १ एप्रिलला विकणाऱ्याची २०२१-२२ मध्ये, जरी दोघांचे पैसे एकाच मंगळवारी आले तरी.

वर्षारंभी छापलेली यादी पाहून आगाऊ मोजता येतं, पण तीही पक्की नसते. ६ फेब्रुवारी २०२२ ला, रविवारी, लता मंगेशकर गेल्या. राज्य सरकारने दुसऱ्या दिवशी सोमवारी सार्वजनिक सुट्टी जाहीर केली. रिझर्व्ह बँकेने सरकारी रोखे, परकीय चलन आणि नाणेबाजाराचे त्या दिवशीचे व्यवहार ८ तारखेवर ढकलले, पतधोरण समितीची बैठकही एक दिवस पुढे नेली. शेअर बाजारात मात्र सोमवारी नेहमीप्रमाणे सौदे झाले. आधीच्या गुरुवारी, ३ फेब्रुवारीला सौदा केलेल्या माणसाने छापील यादीवरून टी प्लस टू मोजला असता तर तो नेमका त्या सोमवारी आला असता. २०२४ मध्ये ईद-ए-मिलादची मुंबईतली सुट्टी १६ सप्टेंबरवरून १८ ला गेली, तीही ऐन वेळी. अशा वेळी बाजाराचं आणि क्लिअरिंग कॉर्पोरेशनचं ताजं परिपत्रक हाच आधार. ज्याला अमुक तारखेला घराचा हप्ता किंवा मुलांची फी भरायची आहे, त्याने शेअर विकताना एखादा जादा दिवस हाताशी ठेवलेला बरा. पे-आउट ब्रोकरकडे येतो आणि तिथून आपल्या बँकेत यायलाही थोडा वेळ जातो.

टी प्लस वन आल्यावर हे सगळं संपलं असं नाही, फक्त एक दिवसाने आखडलं. २०२१ चा तोच आठवडा आजच्या नियमाने मोजला तर ३१ मार्च आणि १ एप्रिल या दोन्ही दिवसांचे सौदे सोमवारी ५ एप्रिलला मिटले असते. जोडी तुटली नसतीच.

अमेरिकेत २०१७ ते २०२४ या काळात टी प्लस टू होतं आणि तिथेही असे दिवस आहेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेला न्यू यॉर्कचा शेअर बाजार उघडा असतो आणि बँका बंद. ११ ऑक्टोबर २०२१ च्या सोमवारचे सौदे आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारचे सौदे, दोन्ही बुधवारी १३ ला मिटले.

युरोपीय संघ आणि ब्रिटन ११ ऑक्टोबर २०२७ पासून टी प्लस वनवर जाणार आहेत. तोवर लंडनमध्ये किंवा फ्रँकफर्टमध्ये राहून तिथले शेअर घेणाऱ्या आपल्या लोकांना दोन दिवस मोजायचेच आहेत, आणि तेही कुठे मोजतो हे पाहून. बुधवार ३० एप्रिल २०२५ घ्या. लंडनला १ मे सुट्टी नसते, त्यामुळे तिथल्या सौद्याला गुरुवार आणि शुक्रवार मिळाले आणि तो २ मे रोजी मिटला. फ्रँकफर्टला १ मे रोजी बाजारही बंद आणि युरोचे पैसे हलवणारी यंत्रणाही बंद. तिथल्या सौद्याचा पहिला दिवस शुक्रवार २ मे आणि दुसरा सोमवार ५ मे. त्याच सोमवारी लंडनमध्ये मे महिन्याची बँक हॉलिडे होती, म्हणून लंडनला गुरुवारी १ मे रोजी केलेला सौदा शुक्रवार मोजून, सोमवार सोडून, मंगळवारी ६ मे रोजी मिटला.